दिवाळी संग्रह 2026: किती तास जळते, घाऊक ऑर्डर कशी द्यायची, पार्सल कधीपर्यंत निघते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंदाच्या संग्रहाच्या फोटोखाली आम्ही जी कॅप्शन टाकली आहे, ती आधी इथे पुन्हा देतो. खालचे बहुतेक प्रश्न तिच्यातल्याच एखाद्या ओळीवरून आलेले आहेत.

अंगणात, खिडकीत, तुळशीपाशी. दिवाळी 2026 चा संग्रह तयार आहे.
मेणपणती, 4 ची पेटी, ₹180. एक पणती 4 तास.
सुगंधी काचदिवा, 150 ग्रॅम, ₹420. एकूण 25 तास, एका वेळी 3 ते 4 तास लावल्यास.
तेलाची साधी पणती, डझन ₹120. एकीत 20 मिली तेल मावतं.
50 पेट्यांपासून घाऊक दर. सुगंधी काचदिव्यांची घाऊक ऑर्डर 30 सप्टेंबरपर्यंत, मेणपणत्यांची 15 ऑक्टोबरपर्यंत.
नाशिकहून पार्सल निघण्याची शेवटची तारीख: इतर राज्यं 26 ऑक्टोबर, महाराष्ट्र 30 ऑक्टोबर, नाशिक शहर 5 नोव्हेंबर.

काचदिवा 25 तास जळतो हे तुम्ही कशावरून लिहिता? एवढा वेळ बघत बसता का?

बघत बसायची गरज नसते, वजनकाटा पुरतो. मेणबत्ती जळते म्हणजे तिचं मेण कमी होतं, आणि किती कमी झालं ते वजनात दिसतं. मेण भरलेला पेला पेटवण्याआधी काट्यावर ठेवायचा, चार तास जळू द्यायचा, विझवून थंड झाला की पुन्हा ठेवायचा. आमच्या काचदिव्यात पहिल्या चार तासांत 18 ग्रॅम मेण जातं, कारण सुरुवातीचा बराच वेळ वातीभोवतीचं मेण वितळण्यातच जातो. त्यानंतरच्या प्रत्येक चार तासांत 21 ग्रॅमच्या आसपास जातं. सगळी सरासरी काढली तर तासाला साधारण 5.2 ग्रॅम.

आता 150 ला 5.2 ने भागलं तर जवळजवळ 29 तास येतात, आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी हाच आकडा छापतात. पण तळाचं मेण पूर्ण जाळायचं नसतं. पेल्यात मेणाची पातळी बोटाच्या पेराच्या निम्म्यापर्यंत आली की ज्योत तळाच्या काचेजवळ येते, काच तापते आणि तडकू शकते. म्हणून वातीखालचा पत्र्याचा टेकू मुद्दाम उंच मानेचा असतो आणि त्या उंचीवर ज्योत आपोआप मरते. खाली 12 ग्रॅमच्या आसपास मेण उरतं. उरले 138 ग्रॅम, भागिले 5.2, म्हणजे साडेसव्वीस तास. आम्ही 25 लिहितो. वरचा दीड तास घराघरातल्या वाऱ्यासाठी सोडला आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षीचा काचदिवा पंधरा-सोळा तासांतच संपला. मग 25 कुठे गेले?

बहुतेक वेळा मेण संपलेलं नसतं, मध्येच विहीर पडलेली असते. पेल्यात वाकून पाहा: कडेला जाड मेण तसंच उभं आणि वात मध्ये खोल गेलेली दिसेल. असं होण्याचं कारण पहिल्या दिवशीच घडतं. दिवा अर्धा-पाऊण तास लावून विझवला, तर वातीभोवती रुपयाएवढंच मेण वितळतं. दुसऱ्या वेळी तेवढाच भाग आधी वितळतो, कारण तिथलं मेण खाली गेलेलं असतं, आणि ज्योत त्या खड्ड्यात उतरत जाते. शेवटी वात वितळलेल्या मेणात बुडून विझते.

उपाय पहिल्याच दिवशीचा आहे. आमच्या पेल्याचं तोंड 7 सेंटिमीटरचं आहे. वितळलेलं मेण काठापर्यंत पोहोचायला याला साधारण तीन तास लागतात. पहिल्यांदा लावाल तेव्हा तेवढा वेळ हाताशी असेल तरच लावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहा वाजता लावला आणि नऊला विझवला की काम झालं. पुढे रोज थोडा कमी वेळ लावला तरी बिघडत नाही, अधूनमधून मात्र वितळलेल्या मेणाचं तळं काठापर्यंत जाऊ द्यावं.

विहीर पडून गेली असेल तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या, पेल्याच्या तोंडावर झाकणासारखा बसवा आणि मधोमध ज्योतीच्या वर मोठं भोक ठेवा. उष्णता आत अडकते आणि कडेचं मेण तासाभरात वितळू लागतं. तेवढा वेळ दिव्याजवळच थांबा, कारण फॉइल चटका बसेल इतका तापतो. फार खोल गेलेल्या विहिरीला मात्र हा उपायही पुरत नाही.

दुसरं कारण पंखा. ज्योत एका बाजूला झुकली की त्या बाजूचं मेण भराभर वितळतं, काजळी धरते आणि तास कमी होतात. गंगापूर रोडच्या उंच इमारतींच्या गॅलरीत संध्याकाळी चांगला वारा असतो, तिथे 25 तासांची अपेक्षा धरू नका.

वात कापायची म्हणजे किती? कापलीच नाही तर?

प्रत्येक वेळी पेटवण्याआधी, थंड असताना, 5 ते 6 मिलिमीटर ठेवून वरचा काळा भाग नेलकटरने उडवा. न कापलेल्या वातीच्या टोकाला छत्रीसारखा काळा गोळा धरतो. ज्योत मोठी होते, काचेच्या आतल्या बाजूला काजळी चढते आणि तासाला 5 ऐवजी 7 ग्रॅम मेणसुद्धा जाऊ शकतं. कापलेला तुकडा मेणात पडू देऊ नका, तो आत राहिला तर स्वतःच पेट घेतो.

मेणपणतीचे 4 तास म्हणजे नक्की 4 तास का?

इथे थोडं मागेपुढे होतं, आणि ते मातीमुळे. आमच्या पणत्या जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून येतात, चाकावरच्या. साच्यातल्या पणत्या एकसारख्या असतात. चाकावरच्या मात्र एक खोल, एक पसरट अशा येतात. काठापर्यंत मेण भरलं तर एकीत कमी बसतं आणि शेजारच्या पणतीत जास्त. मग एकाच पेटीतली एक पणती तासभर आधी विझते आणि आम्हाला फोन येतो.

म्हणून आम्ही काठ बघत नाही. प्रत्येक पणती काट्यावर ठेवून 20 ग्रॅम मेण ओततो. त्यामुळे काही पणत्या काठोकाठ भरलेल्या दिसतील, काहींत बोटभर जागा रिकामी दिसेल. मेण सगळ्यांत तेवढंच आहे. ओतणंसुद्धा दोनदा करावं लागतं, कारण पॅराफिन गार होताना आकसतं आणि वातीभोवती खळगा पडतो. तो दुसऱ्या वेळी थोडं गरम मेण सोडून भरतो. ही पणती तासाला साडेचार ग्रॅमच्या आसपास मेण खाते, तळाचं थोडं राहून जातं, म्हणून 4 तास.

ओळीने मांडताना दोन पणत्यांत किमान 10 सेंटिमीटर अंतर ठेवा. रांगोळीभोवती एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या पणत्या एकमेकींना तापवतात. सगळं मेण पाण्यासारखं पातळ होतं, ज्योती उंच जातात आणि 4 तासांचे अडीच होतात. कधी पणतीतलं सगळं मेण एकदम पेटही घेतं. असं झालं तर पाणी अजिबात टाकू नका, जळतं मेण उडतं. स्टीलचं झाकण किंवा ताटली उपडी घाला.

तेलाच्या पणतीला तास का लिहिले नाहीत?

कारण ते आमच्या हातात नाहीत. तेल कोणतं, वात किती जाड आणि किती बाहेर काढली आहे, यावर सगळं ठरतं. आमच्याकडे तिळाचं तेल आणि हाताने वळलेली बारीक वात घेऊन 20 मिली तेल साडेतीन तासांच्या आसपास चाललं. तुम्ही दोन वाती एकत्र पिळून लावल्या तर दोन तासांतच तेल संपेल. म्हणून कॅप्शनमध्ये तेल किती मावतं एवढंच लिहिलं आहे, पुढचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. कोरी पणती तेल पिते. पहिल्या दिवशी तेल घातल्यावर पणतीच्या बाहेर ओला डाग पडतो आणि खाली फरशीवर गोल उमटतो, ते त्यामुळेच. आदल्या दिवशी पणत्या तीन-चार तास पाण्यात बुडवून ठेवा. सुरुवातीला त्यांतून बारीक बुडबुडे येताना दिसतील. मातीच्या छिद्रांतली हवा बाहेर पडून तिथे पाणी जातं. बुडबुडे थांबले की काढून सावलीत रात्रभर पालथ्या ठेवा. पूर्ण ओल्या पणतीत तेल घातलंत तर वात तडतडते, म्हणून वरून कोरडी व्हायलाच हवी.

मेण कोणतं वापरता? सगळं सोया आहे का?

नाही. काचदिव्यात सोया आहे, मेणपणतीत पॅराफिन. सोया मऊ असतं, साधारण 50 अंशांच्या आसपास वितळायला लागतं, त्याला पेल्याचाच आधार लागतो. उघड्या पणतीत ते ऑक्टोबरच्या उन्हात पार्सलच्या गाडीतच लोळायला लागेल. पॅराफिन 58 ते 60 अंशांपर्यंत टिकून राहतं, त्यामुळे पेटी उघडल्यावर पणती जशी भरली तशीच मिळते.

काचदिव्याच्या वरच्या थराला पांढरे डाग आहेत आणि काचेला आतून एका जागी मेण सुटलेलं दिसतं. खराब आलाय का?

पांढरी बुरशीसारखी नक्षी हा सोयाचा स्वभाव आहे. मेण हळू थंड होताना त्याचे बारीक स्फटिक तयार होतात. जळण्यात काहीही फरक पडत नाही आणि पहिल्यांदा लावला की वरचा थर वितळून डाग जातात. काचेपासून मेण सुटणं हे गरम-थंडामुळे होतं. दिवसा गाडीत तापलेलं पार्सल रात्री गोदामात गार पडतं, मेण आकसतं आणि काच सोडतं. वर घामासारखे थेंब दिसले तर तो सुगंधी तेलाचा अंश आहे. टिश्यूने टिपून घ्या आणि मग लावा.

बदलून द्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: काचेला तडा, पेल्याच्या मधून कडेला सरकलेली वात, फुटलेली पणती. वात कडेला सरकलेली असेल तर लावूनच बघू नका, काच एका बाजूने तापते. पेटी उघडताना फोटो काढा आणि मिळाल्यापासून दोन दिवसांत पाठवा. मेणपणतीच्या पेटीत एक पणती फुटली असेल तर त्या एकीचे पैसे परत देतो. एका पणतीसाठी पुन्हा पार्सल पाठवलं तर कुरिअरचाच खर्च पणतीपेक्षा जास्त होतो.

घाऊक ऑर्डर 50 पेट्यांपासूनच का? आम्हाला 30 हव्या आहेत.

30 पेट्या मिळतील, पण दर किरकोळच लागेल. 50 पासून 10 टक्के कमी, 200 च्या वर 15 टक्के. 50 हा आकडा कशावरून, तर आमच्या एका वेळच्या ओतकामातून 200 मेणपणत्या निघतात, म्हणजे 50 पेट्या. पूर्ण खेप एकाच रंगाची ओतली तरच वेळ वाचतो आणि तोच वाचलेला वेळ दरात कमी करता येतो.

आधी एक पेटी सॅम्पल म्हणून घ्या, किरकोळ दराने. ऑर्डर पक्की झाली की ती रक्कम बिलातून वजा करतो. निम्मी रक्कम ॲडव्हान्स, उरलेली माल निघण्याआधी. पेटीवर सोसायटीचं किंवा कंपनीचं नाव हवं असेल तर स्टिकर आम्ही छापून लावतो. पणतीवर नाव घालत नाही. वातीजवळच्या काठावर रंग किंवा कागद नको असतो, आणि नाव घालायचं तर लोक ते नेमकं तिथेच मागतात.

आमच्या सोसायटीत 120 घरं आहेत, पुण्यात. घरटी एक पेटी द्यायची आहे. दर ठीक आहे, पण वाहतूक खर्च एवढा कसा?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी कुणालातरी वाटतं की आम्ही त्यात कमवतो. म्हणून इथे हिशोब मांडूनच दाखवतो.

मेणपणतीची 4 ची पेटी 16 बाय 16 बाय 5 सेंटिमीटरची आहे आणि वजन 260 ग्रॅम. 120 पेट्यांचं वजन 31 किलोच्या थोडं वर. एका खोक्यात एका थरात 6 अशा चार थरांत 24 पेट्या बसतात, म्हणजे पाच खोकी. रिकाम्या खोक्यांसकट खरं वजन 35 किलो धरा.

पण कुरिअर कंपन्या फक्त वजन बघत नाहीत, आकारही बघतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारा आकडा किलो म्हणून धरतात. खरं वजन आणि हे आकाराचं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. आतल्या पेट्यांना 48 बाय 32 बाय 20 ची जागा लागते. माती फुटू नये म्हणून सगळीकडून 3 सेंटिमीटर भरणी घातली की खोकं 54 बाय 38 बाय 26 चं होतं. गुणाकार 53,352, भागिले 5000, म्हणजे 10.67 किलो. असे पाच खोके म्हणजे बिल 53 किलोंचं, आणि आत माल 35 किलोंचा. मधले अठरा किलो म्हणजे भरणीची हवा.

भरणी कमी करा, असं काही जण सांगतात. ते आम्ही करत नाही. कडेची भरणी काढली तर हिशोब कागदावर छान दिसतो आणि खालच्या थरातल्या पणत्यांचे काठ उडतात. त्यापेक्षा तुमच्या सोसायटीतलं कुणी नाशिकला येत असेल तर पाच खोकी सहज गाडीच्या डिकीत आणि मागच्या सीटवर बसतात. पुण्याचे बरेच लोक वणी-त्र्यंबकला येतात, तेव्हा घेऊन जातात. तसं करणार असाल तर दोन दिवस आधी सांगा, आम्ही खोकी बांधून ठेवतो. दर शंभर पणत्यांमागे दोन पणत्या आम्ही जास्तीच्या टाकतोच, त्यांचे पैसे लावत नाही.

सुगंधी घाऊक ऑर्डर 30 सप्टेंबरलाच बंद का? दिवाळी तर नोव्हेंबरात आहे.

उलटं मोजत आलात की लक्षात येईल. यंदा धनत्रयोदशी शुक्रवारी 6 नोव्हेंबरला आणि लक्ष्मीपूजन रविवारी 8 नोव्हेंबरला आहे. ऑफिसात भेटी वाटायच्या तर आठवडाभर आधी हातात हव्यात, म्हणजे 30 ऑक्टोबर. पार्सलला चार दिवस आणि गर्दीसाठी तीन दिवस जास्त धरले तर माल 23 तारखेला आमच्याकडून निघायला हवा. दोन दिवस पॅकिंगला गेले, आलो 21 ला.

आता खरा वेळ खाणारी गोष्ट. सोयाचा सुगंधी दिवा ओतल्या ओतल्या लावला तर वास जेमतेम येतो. सुगंधी तेल मेणात नीट मुरायला साधारण दोन आठवडे लागतात. या काळात दिवा नुसता फळीवर झाकून ठेवायचा असतो, त्यात घाई चालत नाही. म्हणजे ओतकाम 7 ऑक्टोबरला व्हायला हवं. त्याआधी पेले, झाकणं, छापील स्टिकर येऊन पडायला एक आठवडा. बरोबर 30 सप्टेंबर.

तुम्ही 10 ऑक्टोबरला फोन केलात आणि कुणीतरी "देतो की" म्हणालं, तर आधी विचारा की दिवे आधीच ओतून ठेवलेले आहेत का. असतील तर बिनधास्त घ्या. नसतील तर तुमच्या पाहुण्यांना झाकण उघडल्यावर वास येईल आणि दिवा लावल्यावर येणार नाही.

मेणपणतीला मुरायची गरज नाही, म्हणून तिची तारीख 15 ऑक्टोबर. तिच्यात अडचण मातीची असते. परतीचा पाऊस लांबला की कुंभारवाड्यात पणत्या वाळत नाहीत, आणि ओलसर पणती भट्टीत घातली तर तडकते. त्यामुळे 500 च्या वर पणत्या हव्या असतील तर सप्टेंबरातच बोला.

"शेवटची तारीख" म्हणजे ऑर्डर देण्याची की पार्सल निघण्याची?

पार्सल निघण्याची. त्या दिवशी खोकं आमच्या दारातून जातं. त्यासाठी आदल्या कामाच्या दिवशी दुपारी 12 च्या आत ऑर्डर आणि पैसे दोन्ही आलेले हवेत. इतर राज्यांसाठी 26 ऑक्टोबर हा सोमवार आहे. आदला दिवस रविवार, म्हणून तुमची ऑर्डर शनिवारी 24 ला दुपारपर्यंत यायला हवी. महाराष्ट्रासाठी 30 ऑक्टोबर शुक्रवारी, म्हणजे ऑर्डर गुरुवारी 29 ला. रविवारी आणि दसऱ्याला, 20 ऑक्टोबरला, पार्सल निघत नाहीत.

गडचिरोली, गोंदिया, सिंधुदुर्गातली आतली गावं यांच्यासाठी महाराष्ट्राची तारीख धरू नका, 26 चीच धरा. मुंबई-ठाणे-पुण्याला दोन दिवसांत पोहोचतं, पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुरिअरच्या गोदामात पार्सलांचा डोंगर साचतो आणि दोनाचे पाच दिवस होतात. आमच्याकडून निघाल्यावर ट्रॅकिंग नंबर देतो. त्यापुढे गाडी कुठे अडली हे आम्हालाही तुमच्याइतकंच दिसतं.

तारीख चुकली. आता 3 नोव्हेंबर आहे आणि मी नाशिकरोडला राहते. काही होईल का?

होईल. शहरात 5 नोव्हेंबरपर्यंत आमचा माणूस घरपोच देतो: नाशिकरोड, सिडको, इंदिरानगर, सातपूर, पंचवटी, कॉलेज रोड. त्यानंतर शनिवारी 7 नोव्हेंबरला दुपारी 1 पर्यंत स्वतः येऊन घेऊन जाता येईल, शिल्लक असेल ते. रंग निवडायला फारसं उरलेलं नसतं.

पंचवटीकरांसाठी एक सूचना. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबरला जाहीर झालेलं आहे, रामकुंडावरही आहे. त्या दिवशी तिकडचे रस्ते कसे असतील ते सांगायला नको. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या ऑर्डर आम्ही 30 ला संध्याकाळपर्यंत किंवा थेट 2 नोव्हेंबरपासून देणार आहोत.

मुलगा अमेरिकेत आहे. तिकडे पाठवता का?

आम्ही पाठवत नाही. भारतातल्या पत्त्यावर देतो, पुढे तुमच्या फराळाच्या पार्सलात घालायचं असेल तर आधी त्या कुरिअरवाल्याला विचारा, प्रत्येकाचा मेणबत्त्यांबद्दलचा नियम वेगळा आहे. मातीच्या पणत्या टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मध्ये ठेवाव्यात, चकलीच्या डब्यावर नव्हे.

मेणपणतीतलं मेण संपल्यावर त्यात तेल घालून लावली तर चालेल का?

चालेल. पणती कोमट पाण्यात ठेवली की तळाचं मेण मऊ होतं, टेकू चमच्याने उचलून काढा आणि पणती पुसून घ्या. मेण बेसिनमध्ये ओतू नका, नळीत जाऊन घट्ट होतं. या पणत्यांना मेण मुरू नये म्हणून आतून सीलरचा हात दिलेला असतो, त्यामुळे त्या तेलही कमी पितात. भिजवायची गरज नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला गोदेत सोडायला मेणपणत्या मिळतील का?

त्यासाठी आम्ही मेणपणती विकत नाही. ती बुडते, आणि मेण, पत्रा, माती सगळं पात्रात जातं. पानांच्या द्रोणात ठेवायला तुपाच्या फुलवाती देतो, 50 च्या पाकिटात. एक वात साधारण 15 ते 20 मिनिटं जळते, दीपदानाला तेवढं पुरतं. यंदा त्रिपुरी पौर्णिमा 24 नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. मंडळांना किंवा मंदिरांना घाऊक हव्या असतील तर 16 नोव्हेंबरपर्यंत सांगा. घाटाच्या पायऱ्यांवर मांडायला साध्या तेलाच्या पणत्या लागणार असतील तर त्याही त्याच तारखेपर्यंत, आणि भिजवून हव्यात की कोऱ्या, तेही सांगा.